नवरा गेला, मुलगा गेला, वाट्याला काहीच आलं नाही : मिळकतीतून पोटगीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोकणातल्या एका तालुक्याच्या कोर्टात दिवाणी कामं करते. गेल्या काही वर्षांत फोनवर, व्हॉट्सॲपवर जे प्रश्न परत परत येतात त्यातले बरेचसे दोन माणसांचे असतात. एक म्हणजे जिच्या नवऱ्याने मृत्युपत्रात तिला वगळलं अशी बाई, आणि दुसरा म्हणजे कमावता मुलगा गेलेला म्हातारा बाप. म्हणून इथे फक्त त्यांचाच विषय घेतलाय: मयताच्या मिळकतीत वाटा आला नाही, पण पोट तर त्याच्यावरच होतं. उत्तरं हिंदू कायद्याप्रमाणे आहेत, बाकीच्यांसाठी प्रश्न १३ बघा.

१. पोटगी नवऱ्याकडून मागतात ना? नवराच गेला तर मागायची कोणाकडे?

त्याची मिळकत ज्याने घेतली त्याच्याकडे. हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा, १९५६ यात कलम २१ आणि २२ खास यासाठीच आहेत. कलम २१ मध्ये मयताचे 'आश्रित' कोण ते लिहिलंय, त्यात वडील, आई, विधवा (पुन्हा लग्न केलं नसेल तोवर), अज्ञान मुलं, लग्न न झालेली मुलगी, विधवा सून वगैरे येतात. कलम २२ सांगतं की यातल्या कोणाला वारसाने किंवा मृत्युपत्राने मिळकतीत काही वाटा मिळाला नसेल तर ज्यांनी मिळकत घेतली त्यांनी त्यातून त्याचा निर्वाह करायचा. घेणारा नात्याने कोण आहे हे इथे बघत नाहीत. पुतण्या असो, भाचा असो की लांबचा कोणी, त्याने मिळकत घेतली म्हणून तो देणं लागतो, आणि देतो तेही त्या मिळकतीतून, स्वतःच्या पगारातून नाही.

२. मग मी पोटगी मागू की वाटा? दोन्ही एकच ना?

नाही, आणि इथेच लोक सगळ्यात जास्त चुकतात. वाटा म्हणजे मालकी, पोटगी म्हणजे दरमहा खायला-राहायला-औषधाला. वाटा मिळत असेल तर आधी वाटाच मागा. नवरा मृत्युपत्र न करता गेला असेल तर बायको पहिल्या वर्गाची वारस आहे, तिला मुलांइतकाच एक वाटा मिळतो आणि पोटगीचा प्रश्नच येत नाही.

मृत्युपत्र असलं तरी जमीन वडिलोपार्जित आहे का ते बघा, कारण माणूस मृत्युपत्राने फक्त स्वतःचा हिस्सा देऊ शकतो, सगळी जमीन नाही. आपल्या महाराष्ट्रात बाप आणि मुलं यांच्यात वाटणी झाली की बायकोलाही मुलाइतका हिस्सा मिळतो, आणि नवरा वारला तेव्हा अशी वाटणी झाली असं धरूनच हिशोब करायचा, हे सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये गुरुपाद-हिराबाई केसमध्ये सांगितलंय. म्हणजे 'सगळं पुतण्याला लिहून दिलं' असं गावात बोलतात तेव्हा त्यातला काही भाग मुळात लिहून द्यायचा त्यांना हक्कच नसतो. जुने फेरफार काढा, जमीन आजोबांकडून आली की नवऱ्याने स्वतः घेतली ते कळेल. जमीन त्याची स्वतःची आणि मृत्युपत्र पक्कं, असं असेल तरच पुढची सगळी उत्तरं तुमच्या कामाची.

३. मुलगा वारला. सातबाऱ्यावर सून, नातवंडं आणि माझ्या बायकोचं नाव लागलं, माझंच का नाही?

तलाठ्याने (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) चूक केलेली नाही. हिंदू वारसा कायद्यात आई पहिल्या वर्गात आहे आणि बाप दुसऱ्या वर्गात, पहिल्या वर्गातला एकही जण असला तरी बापाला काही मिळत नाही. ऐकायला फार वाईट वाटतं, ज्या बापाने कर्ज काढून मुलाला शिकवलं त्याचंच नाव नाही. पण म्हणूनच कलम २१ मध्ये आश्रितांच्या यादीत पहिलंच नाव बापाचं आहे. मालकी नाही पण निर्वाहाचा हक्क आहे. फक्त सून आणि नातवंडांकडून मागताना मर्यादा आहे, ती प्रश्न ११ मध्ये.

४. महिन्याला किती मिळतात? हिशोब कसा करतात?

ठरलेला आकडा किंवा टक्का नाही, कोर्ट ठरवतं. कलम २३ प्रमाणे बघतात ते असं: कर्ज वजा जाऊन मिळकत किती उरते, मृत्युपत्रात काही तरतूद केलीय का, नातं किती जवळचं, गरजा काय, मयताशी संबंध कसे होते, तिची स्वतःची मिळकत आणि कमाई किती, आणि आश्रित किती जण आहेत.

उदाहरण घेऊ म्हणजे कळेल. समजा देवगडकडचे एक गृहस्थ वारले. मृत्युपत्रात आंब्याची बाग आणि घर पुतण्याला, होडी मुलाला, बायकोला काहीच नाही. बाग आणि घराची किंमत ३६ लाख, त्यावर सोसायटीचं ६ लाख कर्ज, म्हणजे उरले ३० लाख. होडी १० लाखांची, कर्ज नाही. एकूण ४० लाख, त्यात पुतण्याकडे तीन भाग आणि मुलाकडे एक.

आता बाईंचा खर्च. किराणा-भाजी ३,५००, गॅस-लाईट १,०००, डायबेटिस-बीपीची औषधं २,२००, कपडे आणि एसटीने डॉक्टरकडे जाणं-येणं ८००, किरकोळ ५००, झाले ८,०००. शिवणकामातून त्यांना २,००० मिळतात ते वजा केले की राहतात ६,०००. कोर्टाला हे पटलं तर देणं वाट्याच्या किमतीच्या प्रमाणात विभागतात, म्हणजे पुतण्याने ४,५०० आणि मुलाने १,५००. पुतण्या म्हणेल 'त्या माझ्या काकी आहेत, आई नव्हे, त्यांचा मुलगा आहे ना बघायला'. ते चालत नाही, तीन भाग त्याने घेतलेत तर तीन भागांचं देणं पण त्याचंच.

५. मला पैसे नकोत, मला माझ्या घरातून काढू नका एवढंच हवंय. ते मागता येतं का?

येतं. कायद्यात निर्वाहाची व्याख्या अन्न, कपडे, राहण्याची सोय आणि औषधपाणी अशी आहे, म्हणजे राहणं त्यातच आलं. वरच्या उदाहरणातल्या बाईंनी पैशासोबत घरातली मागची खोली, न्हाणीघर आणि विहिरीचा वापर असं स्पष्ट मागावं. अर्जात नुसतं 'राहण्याची सोय' लिहिलं तर उद्या पुतण्या पडवीत खाट टाकून देईल आणि सोय केली म्हणेल. कुठली खोली, कुठल्या दाराने जायचं, विजेचं बिल कोण भरणार, सगळं लिहा.

६. दावा कुठे लावायचा आणि खर्च किती येतो?

दिवाणी कोर्टात, किंवा तुमच्या भागात फॅमिली कोर्ट असेल तर तिथे, वकिलाकडून नक्की करून घ्या. महाराष्ट्रात निर्वाहाच्या दाव्यात बाईला कोर्ट फी माफ आहे, १९९४ पासून. शिवाय बाईला उत्पन्न कितीही असलं तरी तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो, त्यासाठी कोर्टाच्या आवारातच अर्ज करायचा. पुरुषाला, म्हणजे प्रश्न ३ मधल्या बापाला, मोफत वकिलासाठी उत्पन्नाची किंवा दुसरी अट लागते. दावा वर्षानुवर्षं चालतो म्हणून दाव्यासोबतच अंतरिम पोटगीचा अर्ज टाका, निकाल लागेपर्यंत दरमहा काहीतरी सुरू होतं.

७. कागद काय काय लागतात? माझ्याकडे तर काहीच बिलं नाहीत.

मृत्यूचा दाखला, लग्नाचा किंवा नात्याचा पुरावा, मृत्युपत्राची नक्कल, मिळकतीचे सातबारे-आठ अ आणि नवीन-जुने फेरफार, घराचा असेसमेंट उतारा, होडी असेल तर तिची कागदपत्रं, कर्जाचा दाखला.

बिलांचं म्हणाल तर माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, त्यांच्याकडे एकही पावती नव्हती. पण साडीच्या दुकानाच्या पिशवीत भिंतीवरची तीन वर्षांची कॅलेंडरं गुंडाळून आणलेली. त्यावर तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात 'सिलिंडर', 'गोळ्या ३४०', 'डॉ. २००' असं लिहिलेलं, आणि दर एक तारखेला कोणाकडून किती उसने घेतले तेही. तीच कॅलेंडरं पुराव्यात दाखल केली. रोजच्या रोज लिहिलेली नोंद ही नंतर बसून बनवलेल्या यादीपेक्षा कधीही खरी वाटते, त्यामुळे आजपासून लिहायला लागा.

८. कोर्टात कशाला, प्रांतांकडे अर्ज केला तर नाही का भागणार?

काहींचं भागतं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणे प्रांताधिकाऱ्यांपुढे अर्ज करता येतो, वकील लागत नाही, नोटीस लागल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो आणि महिन्याला जास्तीत जास्त १०,००० पर्यंत हुकूम होतो. आई किंवा बाप असेल आणि मुलगा-मुलगी हयात असतील तर मी आधी हाच रस्ता सांगते.

पण यात सून 'मुलं' या व्याख्येत येत नाही. पुतण्याला धरायचं तर तुम्ही निपुत्रिक हव्यात आणि तो तुमचा वारस हवा. प्रश्न ४ मधल्या बाईंना मुलगा आहे म्हणून त्या पुतण्यावर प्रांतांकडे जाऊ शकत नाहीत, त्याच्यावर कोर्टातच जावं लागेल. आणि मुख्य फरक म्हणजे ती पोटगी माणसावर असते, जमिनीवर बोजा चढत नाही. बोजा का लागतो ते पुढच्या प्रश्नात.

९. पुतण्या बाग विकायला काढतोय, पार्टी मुंबईची आहे. विकली तर माझं काय?

घाई करायची वेळ हीच. निर्वाहाचा हक्क आपोआप जमिनीवर बोजा होत नाही, तो मृत्युपत्राने, कोर्टाच्या हुकुमाने किंवा करारानेच चढतो (कलम २७). आणि कलम २८ म्हणतं की आश्रिताच्या हक्काची माहिती असताना कोणी मिळकत घेतली, किंवा फुकट म्हणजे बक्षीसपत्राने घेतली, तर त्याच्याकडूनही पोटगी वसूल होते. पण ज्याने पैसे मोजून आणि हक्काची काही कल्पना नसताना घेतली तो सुटला. म्हणजे सगळा खेळ घेणाऱ्याला कळलं होतं की नाही यावर आहे, तर त्याला कळवा.

विकत घेणारे बहुतेक वेळा पेपरात जाहीर नोटीस देतात, अमुक गट नंबरवर कोणाचा हक्क असेल तर इतक्या दिवसांत कळवा. ती नोटीस आली की मुदतीत लेखी हरकत पाठवा, स्पीड पोस्टाने, पावती आणि पोचवल्याचा पुरावा जपून ठेवा. पुतण्यालाही नोटीस पाठवा, खरेदीदाराचं नाव-पत्ता कळला तर त्यालाही. नुसतं गावात चार जणांना सांगितलं, ग्रामपंचायतीत आरडाओरडा केला, याचा कोर्टात उपयोग होत नाही.

मग दावा लावा, त्यात बोजा मागा, आणि विक्रीला मनाईचा अर्ज टाका. एक गोष्ट बरेच वकीलही विसरतात: महाराष्ट्रात नुसता दावा चालू असून भागत नाही, दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते, तरच नंतर घेणाऱ्यावर दाव्याचा निकाल बांधील होतो. ती नोंदवली की खरेदीदाराचा वकील सर्च घेईल तेव्हा त्याला दिसते आणि बऱ्याचदा व्यवहार तिथेच थांबतो. हुकूम झाल्यावर बोजा सातबाऱ्याच्या इतर हक्कात चढवून घ्या. हुकुमाआधी तलाठ्याकडे खेटे घालू नका, त्याला तो अधिकारच नाही.

कर्जाचं एक लक्षात ठेवा, मयताची देणी पोटगीच्या आधी येतात, अपवाद फक्त आधीच चढलेल्या बोजाचा. म्हणून बँक जमिनीवर जप्ती आणेपर्यंत थांबायचं नाही.

१०. गणपतीत सगळे चाकरमानी आले होते, दीर-मुलांनी हक्कसोड पत्रावर सही घेतली. आता पोटगी मागता येईल का?

फार अवघड होतं. कलम २२ चा हक्क 'वाटा मिळाला नाही' त्याला आहे. तुम्हाला वारसाने वाटा मिळाला आणि तो तुम्हीच सोडला, तर समोरचा वकील नेमकं हेच म्हणणार. फसवून किंवा न वाचता सही घेतली असेल तर पत्र रद्द करायचा दावा हा वेगळा विषय, मुदत निघून जाण्याआधी वकील गाठा. मुलांकडून आई म्हणून मागणं मात्र शिल्लक राहतं, प्रश्न ८ बघा.

अजून सही झाली नसेल तर एवढं करा. हक्कसोड पत्रातच लिहून घ्या की बदल्यात दरमहा इतके रुपये हयातभर, राहायला अमुक खोली, आणि या रकमेचा बोजा अमुक गट नंबरवर राहील, आणि पत्र रजिस्टर करा. करारानेही बोजा चढतो हे वर सांगितलंच. 'बघू ना आई, देऊच की' हे तोंडी राहिलं की गौरी गेल्या, चाकरमानी परतले, आणि पुढच्या महिन्यापासून फोन लागत नाही. मी हे फार वेळा बघितलंय.

११. सुनेच्या नावावर आलं ते थोडंच आहे, दोन लहान मुलं आहेत. तिच्याकडून मागणं बरोबर आहे का?

हा प्रश्न विचारणारे बापच असतात आणि मला त्यांचं फार वाटतं. कायद्यानेही हा विचार केलाय. जो स्वतःच आश्रित आहे त्याचा वाटा त्याला जेवढी पोटगी मंजूर झाली असती त्यापेक्षा कमी असेल, किंवा दिल्याने कमी होणार असेल, तर त्याला द्यावं लागत नाही.

समजा मुलगा ट्रॉलरवर खलाशी होता, मागे १२ लाखांची मिळकत, वारस चौघं: बायको, दोन लहान मुलं, आई. प्रत्येकी ३ लाख. सून आणि मुलं स्वतः आश्रित, ३ लाखांत त्यांचं आयुष्य निघत नाही, त्यांच्याकडून बापाला काही मिळणं कठीण. आई पण आश्रितच आहे, पण ती आणि बाप एकाच चुलीवर असतात तेव्हा व्यवहारात तिचा वाटा दोघांना आधार होतो. अशा वेळी दुसरा मुलगा किंवा लग्न झालेली मुलगी असेल तर त्यांच्यावर कलम २० प्रमाणे किंवा प्रांतांकडे अर्ज केलेला चांगला. मुलगीही बांधील आहे, सासरी गेली म्हणून सुटत नाही. तेच जर मुलाची मागे मोठी बाग आणि दोन फ्लॅट असतील तर हे संरक्षण लागू होत नाही, तिथे बापाने नक्की मागावं.

१२. मृत्युपत्रात मला ५० हजार रुपये लिहिलेत, बाकी ६० लाखांचं सगळं दुसऱ्याला. मग पोटगी गेली का?

हे सगळ्यात फसवं आहे. कलम २२ मधले शब्द 'काही वाटा' असे आहेत, त्यामुळे समोरचा म्हणणार की ५० हजार मिळाले, विषय संपला. आपल्या बाजूने म्हणणं असं की कलम २३ मध्ये पोटगी ठरवताना 'मृत्युपत्रात केलेली तरतूद' बघायला सांगितलीय, म्हणजे थोडं काही दिलं तरी पोटगी मागता येते असं कायद्यानेच गृहीत धरलंय, आणि एकदाच दिलेली नगद रक्कम म्हणजे मिळकतीतला वाटा नव्हे. कोर्ट कुठे झुकेल हे तुमच्या मृत्युपत्राच्या नेमक्या शब्दांवर आहे. म्हणून ते पैसे उचलायच्या आधी, पावतीवर 'पूर्ण व अंतिम' असलं काही लिहायच्या आधी मृत्युपत्र वकिलाला दाखवा.

१३. आम्ही मुस्लिम आहोत / ख्रिश्चन आहोत, आम्हाला हे लागू आहे का?

नाही. हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांनाच लागू आहे, आणि आश्रिताने धर्म बदलला असेल तर त्याचाही हक्क जातो. मुस्लिमांत मुळात मृत्युपत्राने एक तृतीयांशपेक्षा जास्त देता येत नाही (वारसांनी संमती दिली तर वेगळं), विधवेचा वाटा मुलं असतील तर एक अष्टमांश, नसतील तर एक चतुर्थांश ठरलेला, आणि बापालाही वाटा आहे. म्हणजे तिथे मिळकतीत पोटगी नाही, वाटा मागायचा. ख्रिश्चनांत मृत्युपत्र नसेल तर मुलं असताना विधवेला एक तृतीयांश मिळतं, पण मृत्युपत्राने वगळलं तर मिळकतीतून पोटगीची अशी सोय नाही. आई-बापांसाठी प्रांतांचा रस्ता मात्र सगळ्या धर्मांना खुला आहे.

१४. आधी सासरे गेले, दोन वर्षांनी नवरा गेला. सासऱ्यांच्या मिळकतीतून मला मागता येतं का?

येतं. कलमात 'त्याच्या मुलाची विधवा' एवढंच लिहिलंय, ती सासऱ्यांच्या आधी विधवा झाली पाहिजे असं नाही, आणि सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०२६ मध्ये हेच सांगितलं. पण सुनेला अट जास्त आहे: नवऱ्याच्या मिळकतीतून, किंवा मुलगा-मुलगीकडून भागत नसेल तेवढ्यापुरतंच. म्हणजे आधी नवऱ्याचं काय उरलं ते कागदावर दाखवावं लागतं. सासरे हयात असतील तर कलम १९ लागतं, त्यात सासऱ्यांच्या ताब्यातल्या एकत्र कुटुंबाच्या मिळकतीपुरताच हक्क आहे.

१५. पुन्हा लग्न केलं तर? आणि मी बारा वर्षं माहेरीच होते, तर?

पुन्हा लग्न केलं की विधवा म्हणून पोटगी थांबते. पण वारसाने आधीच मिळालेला वाटा जात नाही, ते दोन वेगळे आहेत.

माहेरी राहत होता म्हणून हक्क जात नाही. घटस्फोट झाला नसेल तर तुम्ही विधवाच. मात्र मयताशी संबंध कसे होते हे रक्कम ठरवताना बघतात, म्हणून का निघालात, मारहाण होती का, तेव्हाची पोलीस तक्रार, पत्रं, जे असेल ते जपून ठेवा.

१६. एकदा ठरली की रक्कम वाढते का? आणि मी गेल्यावर मुलीला मिळेल का?

वाढतेही आणि कमीही होते, कलम २५ प्रमाणे परिस्थिती खरंच बदलली तर. डायलिसिस लागलं, महागाईने औषधं दुप्पट झाली, असं काही असेल तर नवा अर्ज करा, जुनाच हुकूम धरून बसू नका.

पुढची पोटगी कोणाला देता येत नाही, ती तुमच्यासोबत संपते. थकलेली मात्र तुमचे वारस वसूल करू शकतात, आणि थकबाकीच्या दाव्याला प्रत्येक हप्ता देय झाल्यापासून ३ वर्षं मुदत आहे. म्हणून कोणत्या महिन्याचे किती आले आणि किती नाही आले हेही त्याच कॅलेंडरवर लिहित जा.